जुने डीव्हीआय सॉकेट कसे ओळखावे आणि त्यावर साधा व्हीजीए अ‍ॅडॅप्टर चालेल का

संगणकाच्या मागे पांढऱ्या रंगाचे रुंद डीव्हीआय सॉकेट आहे आणि हाताशी असलेल्या मॉनिटरला मात्र निळ्या रंगाचे पंधरा पिनांचे व्हीजीए सॉकेट आहे, अशी जोडी जमवताना बहुतेक जण आधी अ‍ॅडॅप्टर विकत घेतात आणि तो बसत नाही किंवा बसूनही चित्र येत नाही तेव्हा सॉकेटकडे पाहतात. हा क्रम उलटा केला तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. त्यासाठी कळायला हवे ते एवढेच की डीव्हीआय नावाखाली दोन वेगळ्या जातीचे सिग्नल एकाच चौकटीत बसवलेले असतात, त्यांतला एकच व्हीजीएला चालतो, आणि तो आहे की नाही हे सॉकेटच्या एका टोकाकडे पाहून बरेचसे सांगता येते. बरेचसे म्हणण्याचे कारण पुढे येईलच.

1999 साली डीव्हीआयचे मानक ठरले तेव्हा बाजारात जाडजूड काचेच्या नळीचे मॉनिटर आणि नवे सपाट मॉनिटर शेजारीशेजारी नांदत होते. म्हणून मानक ठरवणाऱ्यांनी एकाच सॉकेटमध्ये दोन्हींची सोय केली. डिजिटल सिग्नलसाठी 24 पिनांच्या तीन ओळी ठेवल्या आणि ॲनालॉगसाठी त्यांच्या बाजूला वेगळे पाच संपर्क दिले. दोन्ही असलेले सॉकेट म्हणजे डीव्हीआय-आय, फक्त डिजिटल असलेले डीव्हीआय-डी आणि फक्त ॲनालॉग असलेले डीव्हीआय-ए. शेवटचा प्रकार संगणकावर क्वचितच दिसतो. तो मुख्यतः व्हीजीए केबलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्लगच्या रूपात भेटतो.

पायरी पहिली: सॉकेट नीट धरून पाहणे

ग्राफिक्स कार्ड टॉवरमध्ये आडवे बसते, त्यामुळे त्यावरचे सॉकेट कधी कडेवर, कधी उलटे दिसते. वर-खाली या शब्दांवर विसंबू नका. सॉकेटमध्ये एका टोकाला एक लांबट आडवी फट असते. ही फट उजव्या हाताला येईल अशा रीतीने सॉकेटकडे समोरून पाहा. आता डावीकडे छिद्रांच्या तीन ओळी दिसतील आणि वरच्या ओळीतले डावीकडचे पहिले छिद्र म्हणजे पिन क्रमांक 1. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे 1 ते 8, मधल्या ओळीत 9 ते 16 आणि खालच्या ओळीत 17 ते 24 असा क्रम आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात डोके घालण्यापेक्षा फोनच्या दिव्यात एक छायाचित्र काढून ते मोठे करून पाहणे सोयीचे पडते.

आता नजर फक्त उजवीकडच्या फटीभोवती ठेवा. फटीच्या वर दोन आणि खाली दोन अशी चार छिद्रे असतील तर ते डीव्हीआय-आय किंवा डीव्हीआय-ए आहे. वरच्या दोहोंना सी1 आणि सी2, खालच्या दोहोंना सी3 आणि सी4 म्हणतात आणि प्लगचे जे चपटे पाते मधल्या फटीत शिरते त्याला सी5. फटीभोवती नुसते सपाट प्लास्टिक असेल, एकही छिद्र नसेल, तर ते डीव्हीआय-डी आहे आणि साध्या अ‍ॅडॅप्टरचा विषय तिथेच संपला.

डावीकडच्या तीन ओळी भरलेल्या आहेत की मधे रिकामी जागा आहे, हे पाहून गोंधळू नका. मधल्या सहा जागा, म्हणजे 4, 5, 12, 13, 20 आणि 21, यांचा संबंध डिजिटल सिग्नलच्या दुसऱ्या जोडमार्गाशी आहे, व्हीजीएशी मुळीच नाही. विक्रेते ज्याला 24+5 आणि 18+5 म्हणतात ते दोन्ही डीव्हीआय-आयच. अधिक चिन्हाच्या पुढचा आकडा 5 आहे की 1, एवढेच आपल्या कामाचे. 24+1 आणि 18+1 ही डीव्हीआय-डीची नावे आहेत.

एक सावधगिरीची सूचना इथेच. कार्यालयीन संगणकांच्या काही जुन्या कार्डांवर डीव्हीआयसारखेच दिसणारे, पण छिद्रांनी गच्च भरलेले आणि आडवी फट नसलेले सॉकेट असते. ते डीएमएस-59 नावाचे वेगळे सॉकेट असून एका सॉकेटमधून दोन मॉनिटर चालवण्यासाठी त्याची खास दुभागलेली केबल लागते. डीव्हीआयचा कोणताही अ‍ॅडॅप्टर त्यात बसत नाही.

पायरी दुसरी: कोणता संपर्क कशासाठी, हे समजून घेणे

साधा अ‍ॅडॅप्टर म्हणजे आतून निव्वळ तारा असतात. डीव्हीआयच्या बाजूचा एकेक ॲनालॉग संपर्क व्हीजीएच्या ठरावीक पिनेला जोडलेला असतो, त्यात चिप नाही, सिग्नलचे रूपांतर नाही. म्हणून तो चालेल की नाही हे फक्त या तारांवर आधीपासून ॲनालॉग सिग्नल येतो का, यावर अवलंबून आहे. सी1वर लाल, सी2वर हिरवा आणि सी3वर निळा रंग येतो. सी4वर ओळ कधी सुरू करायची ते सांगणारा आडवा सिंक असतो. सी5चे पाते ही रंगांची परतीची तार आहे. उभा सिंक, म्हणजे नवे चित्र कधी सुरू करायचे त्याची खूण, मात्र या गटात नसून वरच्या ओळीच्या शेवटच्या, म्हणजे 8 क्रमांकाच्या पिनेवर आहे. ही पिन सी1च्या अगदी शेजारी असते. मॉनिटर स्वतःची ओळख पटवतो त्या दोन तारा 6 आणि 7वर, त्यासाठीचे 5 व्होल्ट 14वर आणि जमीन 15वर असते.

व्हीजीएच्या बाजूने याचीच जोडी अशी लागते: सी1 हा व्हीजीएच्या 1ला, सी2 हा 2ला, सी3 हा 3ला, सी4 हा 13ला आणि पिन 8 ही 14ला. रंगांच्या परतीच्या तारा व्हीजीएवर 6, 7 आणि 8 या आहेत. एवढी माहिती पुढच्या तपासणीत कामाला येणार आहे.

रंगाच्या तारांवरचा ॲनालॉग सिग्नल शून्यापासून सुमारे 0.7 व्होल्टपर्यंत सलग चढउतार करतो आणि तो जितका जास्त तितका तो रंग उजळ. डिजिटल बाजूला मात्र प्रत्येक रंगासाठी विरुद्ध ध्रुवांच्या दोन तारांवर एकामागून एक बिटे धावतात आणि एका पिक्सेलसाठी त्या रंगाची 10 बिटे जातात. या बिटांच्या गर्दीला निव्वळ तारेने व्हीजीएपर्यंत नेले तरी मॉनिटरला त्यातून उजळपणा वाचता येणार नाही. डीव्हीआय ते एचडीएमआय हा चिप नसलेला अ‍ॅडॅप्टर चालतो, मग व्हीजीएचा का चालू नये, असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर यातच आहे: एचडीएमआय आणि डीव्हीआयचा डिजिटल भाग एकाच जातीचा सिग्नल वापरतात, व्हीजीए वापरत नाही.

पायरी तिसरी: अ‍ॅडॅप्टरचे टोक तपासणे

अ‍ॅडॅप्टर हातात घेऊन पात्याचे टोक डावीकडे येईल असे धरा. प्लगची बाजू सॉकेटच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असते. पात्याभोवती चार पिना असायलाच हव्यात. त्या चार नसतील आणि तरीही अ‍ॅडॅप्टरवर व्हीजीए लिहिलेले असेल, तर एकतर आत चिप असलेला सक्रिय कन्व्हर्टर तुमच्या हातात आहे किंवा काही उपयोग नसलेली वस्तू. फरक ओळखायला सोपा आहे: चिप असलेल्याचे आवरण साधारणतः मोठे असते, बऱ्याचदा दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा असतो आणि काहींना यूएसबीची वेगळी शेपटीही असते.

चार पिना असलेला अ‍ॅडॅप्टर डीव्हीआय-डी सॉकेटमध्ये जात नाही, कारण त्या चार पिनांना जागाच नाही. अडला म्हणून जोर लावू नका. काही जण त्या चार पिना पक्कडीने कापून अ‍ॅडॅप्टर बसवतात. डीव्हीआय-आयचे पातेही डीव्हीआय-डीच्या पात्यापेक्षा रुंद असते, त्यामुळे काही सॉकेटमध्ये तरीही अडते, आणि बसले तरी उपयोग नाही: तीन रंग आणि आडवा सिंक ज्या तारांवरून यायचे त्याच कापल्या गेल्या. मजा अशी की मॉनिटरची ओळख सांगणाऱ्या 6 आणि 7 या पिना शाबूत असल्यामुळे संगणकाला कधीकधी मॉनिटरचे नाव दिसते आणि त्यावरून जोडणी झाली असा समज होतो. नाव दिसणे आणि चित्र येणे या दोन वेगळ्या तारांवरच्या गोष्टी आहेत.

पायरी चौथी: छिद्रे आहेत, पण मागे तारा आहेत का

इथे बहुतेक लेख थांबतात आणि इथूनच खरी शंका सुरू होते. सॉकेटमधली चार छिद्रे हा प्लास्टिकचा आकार आहे. त्यांच्यामागे सिग्नल आहे की नाही, हे ग्राफिक्स चिपमध्ये डिजिटलचे ॲनालॉग करणारा भाग आहे का आणि तो त्या सॉकेटपर्यंत आणला आहे का, यावर ठरते. डिसेंबर 2010मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी काही मॉनिटर आणि संगणक निर्मात्यांसोबत जाहीर केले होते की 2015पर्यंत व्हीजीए टप्प्याटप्प्याने काढून टाकायचे आहे, आणि पुढची हार्डवेअर त्याच दिशेने गेली. एएमडीची 2013ची रेडिऑन आर9 290 मालिका आणि एनव्हिडियाची 2016ची जीटीएक्स 1000 मालिका यांत ॲनालॉग भाग नाही. त्याआधीच्या एनव्हिडियाच्या 900 मालिकेत तो होता. इंटेलने 2015च्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांपासून अंगभूत व्हीजीए काढले; त्यानंतरच्या मदरबोर्डांवर दिसणारे निळे सॉकेट वेगळ्या रूपांतर चिपवर चालते. म्हणून चिपचे वय ही पहिली चाळणी. कार्डाचे नाव नवीन पिढीचे असेल तर चार छिद्रे दिसली तरी विश्वास ठेवू नये.

लिनक्स असलेल्या संगणकावर दुसरी चाळणी फुकट मिळते. ड्रायव्हर कार्डाच्या स्वतःच्या बायोसमधून कोणता सॉकेट कोणत्या प्रकारचा हे वाचतो आणि त्यानुसार नाव देतो, त्यामुळे ही नावे प्लास्टिकपेक्षा जास्त बोलकी असतात:

```
ls /sys/class/drm/
```

यादीत `card0-DVI-D-1` दिसले तर त्या सॉकेटवर ॲनालॉगची आशा सोडा. `card0-DVI-I-1` दिसले तर कार्डाच्या मते तिथे दोन्ही आहेत. कार्डाचा क्रमांक 0ऐवजी 1 असू शकतो. एनव्हिडियाच्या मालकीच्या ड्रायव्हरसोबत `xrandr` चालवल्यास एकाच प्रत्यक्ष डीव्हीआय-आय सॉकेटची `DVI-I-0` आणि `DVI-I-1` अशी दोन नावे दिसतात, एक ॲनालॉगचे आणि एक डिजिटलचे. ते पाहून दोन सॉकेट शोधत बसू नका.

तिसरी चाळणी मल्टिमीटरची, आणि खात्रीच्या दृष्टीने मला हीच सर्वांत आवडते. रंगाची प्रत्येक तार कार्डावरच एका छोट्या रोधाद्वारे जमिनीला जोडलेली असते, आणि हा रोध 75 ओहमचा असतो किंवा काही आखणीत 150 ओहमचा. संगणक बंद करून वीजतार काढून घ्या आणि मॉनिटर लावलेला नको, कारण त्याच्या आतही 75 ओहमचाच रोध असतो आणि दोन्ही समांतर आले की आकडा निम्म्यावर येतो. सॉकेटच्या बारीक छिद्रांत टोके घुसवून ती खराब करण्यापेक्षा अ‍ॅडॅप्टर बसवा आणि त्याच्या व्हीजीए टोकावर मोजा. व्हीजीएच्या 1 आणि 6मध्ये, मग 2 आणि 7मध्ये, मग 3 आणि 8मध्ये. तिन्ही ठिकाणी साधारण 75 ते 150 ओहमच्या दरम्यान सारखाच आकडा आला, तर त्या तारा कार्डावर प्रत्यक्ष पोहोचतात असे धरायला हरकत नाही. तिन्ही ठिकाणी मीटरने अनंत दाखवले, तर छिद्रांच्या मागे काही नाही. मल्टिमीटरची टोके जाड असली तर व्हीजीएच्या छिद्रात बारीक तार घालून तिला टोक लावावे. मात्र शेजारच्या छिद्राला ती टेकू देऊ नये.

एक उदाहरण तपशिलाने

समजा एक जुना टॉवर आहे, त्यात जीटीएक्स 750 टीआय वर्गातले कार्ड आहे आणि समोर 1280 गुणिले 1024 रेझोल्यूशनचा, फक्त व्हीजीए असलेला मॉनिटर. कार्डाच्या मागे जवळजवळ एकसारखे दोन रुंद सॉकेट दिसतात. फोनच्या छायाचित्रात एका सॉकेटच्या फटीभोवती चार छिद्रे आहेत आणि दुसऱ्याच्या फटीभोवती सपाट प्लास्टिक. म्हणजे पहिला डीव्हीआय-आय आणि दुसरा डीव्हीआय-डी. एकाच कार्डावर अशी मिश्र जोडी असणे या काळात सर्रास होते, म्हणून एका सॉकेटवरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

अ‍ॅडॅप्टर पहिल्या सॉकेटवर लावून, दोन्ही स्क्रू हाताने घट्ट करून आणि मॉनिटर आधी जोडून मगच संगणक सुरू केला. चित्र आले, रेझोल्यूशनही आपोआप बरोबर लागले, पण पांढरी पार्श्वभूमी पिवळी दिसते. इथे ड्रायव्हर किंवा मॉनिटरच्या रंगांच्या मांडणीत शिरण्याआधी तारांचा विचार करावा. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा आहेत, निळा नाही, म्हणजे संशय सी3वर. संगणक बंद करून, मॉनिटर सोडून मोजले: व्हीजीएच्या 1 आणि 6मध्ये 75 ओहम, 2 आणि 7मध्ये 75 ओहम, 3 आणि 8मध्ये अनंत. अ‍ॅडॅप्टर काढून पाहिला तर पात्याच्या खालच्या बाजूची, मुख्य पिनांच्या जवळची पिन आडवी होऊन प्लास्टिकवर निजलेली. बारीक चिमट्याने ती हळूच सरळ केली, पुन्हा मोजले, तिसरा आकडाही 75 आला आणि पांढरा पांढरा दिसू लागला.

याच पद्धतीने इतर लक्षणेही वाचता येतात. पार्श्वभूमी आकाशी-हिरवट झाली तर लाल गेला आहे, म्हणजे सी1. गुलाबी-जांभळी झाली तर हिरवा, म्हणजे सी2. मॉनिटरचे नाव संगणकाला कळते, पण पडद्यावर सिग्नल नाही असाच संदेश फिरतो, तेव्हा सी4 किंवा पिन 8 पाहावी. पिन 8 मुख्य ओळीत असल्यामुळे पात्याभोवतीचा गट तपासणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते. उलट चित्र स्वच्छ आहे, पण रेझोल्यूशन 1024 गुणिले 768च्या वर जात नाही, तर मॉनिटरची ओळख पोहोचत नाही, म्हणजे 6, 7 किंवा 14 या पिनांपैकी एखादी, किंवा त्या तारा गाळलेली स्वस्त व्हीजीए केबल.

संगणकाने मॉनिटरला ॲनालॉग म्हणून ओळखले की डिजिटल म्हणून, हेही लिनक्सवर थेट पाहता येते. मॉनिटरच्या ओळखपत्रातला, शून्यापासून मोजल्यास विसावा बाइट ते सांगतो:

```
od -An -tx1 -j20 -N1 /sys/class/drm/card0-DVI-I-1/edid
```

उत्तरातला पहिला अंक 8पेक्षा लहान असेल, उदाहरणार्थ `0e` किंवा `68`, तर तो मॉनिटर स्वतःला ॲनालॉग म्हणवतो आहे. `80` किंवा त्याच्या पुढचे काही आले तर समोरचे टोक डिजिटल आहे आणि मधे चिप असलेला कन्व्हर्टर असण्याची शक्यता आहे. बाइटऐवजी `cannot skip past end of combined input` अशी त्रुटी आली किंवा काहीच छापले गेले नाही तर ओळख पोहोचलीच नाही.

सॉकेट डीव्हीआय-डी निघाला तर

मग चिप असलेला सक्रिय कन्व्हर्टर हाच मार्ग उरतो. त्याचा डीव्हीआय प्लग 24+1 किंवा 18+1 असला पाहिजे, म्हणजे पात्याभोवती पिना नसलेला. डीव्हीआयच्या 14व्या पिनेवर मिळणारी वीज फारच थोडी असते, म्हणून ज्याला यूएसबीची शेपटी आहे तो कन्व्हर्टर घ्यावा आणि ती शेपटी खरोखर लावावी. ती मोकळी ठेवली की कधी चित्र येते, कधी येत नाही, आणि दोष केबलवर जातो. रेझोल्यूशनची मर्यादाही आहे. एका जोडमार्गाचे डीव्हीआय सेकंदाला 165 दशलक्ष पिक्सेलच्या घड्याळापर्यंत जाते, त्यात 60 हर्ट्झवर 1920 गुणिले 1200 बसते, पण कन्व्हर्टरच्या चिपची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असू शकते, म्हणून खोक्यावरचा आकडा आपल्या मॉनिटरच्या आकड्याशी ताडून घ्यावा. शिवाय नक्कल-संरक्षण असलेला चित्रपट किंवा व्हिडिओ अशा कन्व्हर्टरमार्गे काळ्या पडद्यावर अडू शकतो, कारण संरक्षित सिग्नल ॲनालॉगमध्ये बदलायला परवानगी नसते. बाकी सगळे व्यवस्थित दिसत असताना फक्त असा व्हिडिओ काळा पडला तर अ‍ॅडॅप्टर बदलत बसू नये.

उलट दिशेची गरज असेल, म्हणजे संगणकाला व्हीजीए आणि मॉनिटरला डीव्हीआय, तर वरची तपासणी मॉनिटरच्या सॉकेटवर करावी. मॉनिटरचे सॉकेट डीव्हीआय-आय असेल आणि मॉनिटरच्या मेनूत डीव्हीआयसाठी ॲनालॉग निवडण्याची सोय असेल, तरच साधी केबल पुरेल. बहुतेक मॉनिटरांवर मात्र व्हीजीएसाठी वेगळे सॉकेट देऊन डीव्हीआय-डी बसवलेले असते. तिथे साधी केबल चालणार नाही आणि कन्व्हर्टर घ्यायचा तर तो व्हीजीएकडून डीव्हीआयकडे जाणारा घ्यावा लागतो. दिशा खोक्यावर स्पष्ट लिहिलेली नसेल तर तो घेऊ नये, कारण हे कन्व्हर्टर उलट्या बाजूने चालत नाहीत.